नऊला सुट्टी दिली आणि अनंत बेरीज तेविसाच्या आत आली

मराठीत नऊ हा अंक जरा लाजरा आहे. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही नावं ऐका. ‘ऊन’ म्हणजे कमी. विसाला एक कमी तो एकोणीस, तिसाला एक कमी तो एकोणतीस. आकड्यात नऊ ठळक दिसतो, पण नाव मात्र पुढच्या दशकाचं उसनं घेतलेलं. नव्याण्णवपाशी आल्यावर ही पद्धत मोडते, कारण एकोणशंभर असं कुणीच म्हणत नाही.

आज या साऱ्या मंडळींना दाराबाहेर काढायचं आहे. एकोणीस बाहेर, एकोणतीस बाहेर, नव्वद ते नव्याण्णव झाडून सगळे बाहेर. १०९ बाहेर, ९४३ बाहेर, २०,९०,००१ पण बाहेर. ज्या संख्येत कुठेही एक जरी नऊ दिसला, तिची हकालपट्टी. उरलेल्यांची एक बेरीज करायची आहे, आणि ती बेरीज गणितातल्या एका जुन्या राक्षसाला चक्क खिशात घालते.

राक्षस कोण?

राक्षसाचं नाव हरात्मक श्रेणी. दिसायला अगदी गरीब: १ + १/२ + १/३ + १/४ + … असं न थांबता पुढे. पदं लहान लहान होत जातात, हजारावं पद फक्त एक हजारांश. एवढुशा तुकड्यांची बेरीज कुठे तरी थांबेल असं कुणालाही वाटेल. ती थांबत नाही. फ्रान्समधल्या निकोल ओरेम यानं १३५० च्या सुमारास हे दाखवून दिलं. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त, पुढची चार पदं मिळून अर्ध्याहून जास्त, त्यापुढची आठ मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. अर्धा अर्धा कितीही वेळा मिळत राहणार, म्हणजे बेरीज कुठलीही मर्यादा ओलांडणार.

ओलांडते मात्र गोगलगाईच्या चालीनं. बेरीज १० च्या पुढे जायला १२,३६७ पदं लागतात. २० च्या पुढे जायला २७ कोटींहून जास्त. १०० गाठायची तर पदांची संख्या ४४ अंकी होते. पण वेळ कितीही लागो, पोचते नक्की.

दहातला एक गेला, तर काय बिघडलं?

आता छेदात नऊ असलेली पदं पुसून टाका. १/९ गेलं, १/१९ गेलं, १/९० ते १/९९ गेली. साधा माणूस काय म्हणेल? अंक दहा, त्यातला एक काढला, म्हणजे फार तर दहावा हिस्सा कमी झाला. अनंतातून दहावा हिस्सा काढला तरी अनंतच उरणार.

१९१४ मध्ये ऑब्री केम्पनर यांनी ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’ या नियतकालिकात एक छोटासा लेख लिहिला आणि हा अंदाज साफ चुकीचा ठरवला. उरलेली बेरीज सांत आहे. कितीही पदं मिळवा, ती ८० च्या पुढे जाऊच शकत नाही. पुरावा एवढा सोपा आहे की आठवीतली मुलगीही तो वहीच्या एका पानावर उतरवेल. लागतं ते एवढंच: संख्या किती अंकी आहे हे पाहायचं आणि मोजायचं.

डबे लावा

एक अंकी संख्यांचा पहिला डबा, दोन अंकींचा दुसरा, तीन अंकींचा तिसरा. प्रत्येक डब्याबद्दल दोनच प्रश्न: आत नऊ नसलेले किती जण आहेत, आणि एकेकाचं वजन फार तर किती? (वजन म्हणजे ती संख्या छेदात ठेवल्यावर मिळणारा अपूर्णांक.)

पहिला डबा: १ ते ८, आठ जण. सर्वात जड १/१, म्हणजे प्रत्येकाचं वजन फार तर १. डब्याचं वजन फार तर ८.

दुसरा डबा: दशकाच्या जागी शून्य चालत नाही आणि नऊला बंदी, म्हणून १ ते ८ असे आठ पर्याय. एककाच्या जागी शून्य चालतं, म्हणून ० ते ८ असे नऊ पर्याय. आठ नव्वे बहात्तर. यातला सर्वात जड १/१०. म्हणजे डब्याचं वजन फार तर ७.२.

तिसरा डबा: ८ × ९ × ९ म्हणजे ६४८ जण, प्रत्येकाचं वजन फार तर १/१००. डबा फार तर ६.४८.

बघा काय चाललंय ते. एकेक अंक वाढला की डब्यातली गर्दी नऊपट होते, आणि प्रत्येकाचं वजन दहापट घटतं. गर्दी नऊपट, वजन एक दशांश, म्हणजे प्रत्येक डबा मागच्याच्या नऊ दशांश. ८, ७.२, ६.४८, ५.८३२ अशी ही घसरगुंडी आहे. पाठ्यपुस्तकात हिला भूमितीय श्रेढी म्हणतात, आणि नऊ दशांशाच्या श्रेढीची एकूण बेरीज पहिल्या पदाच्या दहापट येते. आठाची दहापट ऐंशी. झाला पुरावा.

सगळी गंमत नऊ आणि दहा यांच्यातल्या त्या एका फटीत आहे. नऊ काढलाच नसता, तर गर्दी दर वेळी दहापट झाली असती आणि वजन एक दशांश. डबा जेवढ्याला तेवढाच. खात्री करून घ्यायची तर पूर्ण श्रेणीचे डबे लावा: तीन अंकी संख्या ९००, प्रत्येकीचं वजन १/१००० पेक्षा जास्त, म्हणजे डबा निदान ०.९. चार अंकी ९,०००, प्रत्येकीचं वजन १/१०,००० पेक्षा जास्त, डबा पुन्हा निदान ०.९. कितीही पुढे जा, प्रत्येक डब्यात निदान ०.९ हमखास. असे अनंत डबे, म्हणून बेरीज अनंत. ओरेमचाच निकाल, फक्त त्याच्या दुपटीच्या गटांऐवजी आपले दशमान डबे. एकाच तराजूनं एक श्रेणी अनंत ठरते आणि दुसरी सांत, हे मला या पुराव्यातलं सर्वात देखणं वाटतं.

ऐंशी हा फारच सैल सदरा

८० ही हद्द आहे, उत्तर नव्हे. दुसऱ्या डब्यात आपण ८८ चंसुद्धा वजन १/१० धरलं, म्हणजे जरा जास्तच उदार झालो. सदरा थोडा शिवून घेऊ. प्रत्येक डब्यात पहिल्या अंकानुसार खण करा. तीन अंकी डब्यात ७ पासून सुरू होणारे ८१ जण आहेत (पुढच्या दोन जागी नऊ-नऊ पर्याय). ते सगळे ७०० किंवा जास्त आणि ८०० पेक्षा कमी, म्हणून प्रत्येकाचं वजन १/८०० आणि १/७०० च्या दरम्यान.

असं आठही खणांचं केलं आणि सारे डबे मिळवले, की वरची हद्द येते १ + १/२ + … + १/८ याच्या दहापट, म्हणजे २७.१८. खालची हद्द येते १/२ + १/३ + … + १/९ याच्या दहापट, म्हणजे १८.२८ पेक्षा थोडी जास्त. उत्तर या दोन भिंतींच्या मध्ये कुठे तरी. हे सगळं कागद-पेन्सिलीनं, चहा निवायच्या आत.

खरं उत्तर आहे २२.९२०६७… म्हणजे तेविसाला थोडं ऊन.

आता ताळा लावून पाहा. पूर्ण हरात्मक श्रेणी २२.९२ ला कधी पोचते? सुमारे ५०५ कोटी पदांनंतर. म्हणजे नऊ नसलेल्या साऱ्या अनंत पदांची मिळून जेवढी बेरीज होते, तेवढी पूर्ण श्रेणी पहिल्या ५०५ कोटी पदांतच करून मोकळी होते आणि पुढे निघून जाते.

संगणकावर विसंबलात तर फसाल

उत्साही वाचक लगेच चार ओळींचा प्रोग्रॅम लिहितील: एकपासून एक कोटीपर्यंत जा, नऊ दिसला की सोडून दे, बाकीचे मिळव. उत्तर येईल सुमारे १२.२. खऱ्या उत्तराच्या अर्ध्याच्या जरासं पुढे! दहा कोटींपर्यंत गेलात तर १३.३ च्या आसपास. आकडा हलतच राहतो, आणि तो पाहून ‘ही श्रेणी थांबत नाही बुवा’ असा निष्कर्ष काढणं अगदी सोपं आहे.

कारण तेच नऊ दशांश. एक अंक वाढला, म्हणजे दहापट काम केलं, की उरलेल्या बेरजेतला फक्त दहावा हिस्सा पदरात पडतो. २९ अंकी संख्यांपर्यंत सगळं मिळवून झालं तरी अजून १ पेक्षा जास्त येणं बाकीच असतं. तोवर पदं किती झाली? ९ चा २९ वा घात, म्हणजे २८ अंकी संख्या. सेकंदाला शंभर कोटी पदं मिळवणारं यंत्र घेतलं, तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या दहापट वेळ लागेल, आणि एवढं करून उत्तर चुकलेलंच असेल.

मग ते दशांश चिन्हापुढचे आकडे काढले कुणी? रॉबर्ट बेली यांनी १९७९ मध्ये, वीस दशांश स्थळांपर्यंत. युक्ती पुन्हा डब्यांचीच. तिसऱ्या डब्यातली ४५६ ही संख्या घ्या. चौथ्या डब्यात तिची नऊ लेकरं असतात: ४५६० ते ४५६८. या नवांचं मिळून वजन १/४५६ च्या नऊ दशांशाला अगदी किंचित कमी भरतं, आणि तो किंचितपणा किती हे सूत्रानं काढता येतं. म्हणजे डबा उघडून एकेक माणूस मोजायची गरजच नाही. मागच्या डब्याच्या वजनावरून पुढच्याचं वजन मिळतं, आणि डबे हवे तितके पुढे नेता येतात.

‘दहावा हिस्सा’ हा अंदाज कुठे घसरला?

तो लहान संख्यांच्या सवयीतून आला होता. एक अंकी नवांपैकी एकातच नऊ आहे. दोन अंकी नव्वदांपैकी १८ जणांत, म्हणजे २० टक्के. तीन अंकींत २८ टक्के. सहा अंकींपर्यंत नऊ नसलेले कसेबसे बहुमतात असतात, ५२ टक्के. सात अंकांवर बहुमत जातं, ते कायमचं. शंभर अंकी संख्या घेतल्या, तर सुमारे ३८,००० मागे एकच बिननवाची निघते. शंभर जागा भरायच्या आणि एकदाही नऊ येऊ द्यायचा नाही, हे फाशाला सांगण्यासारखं आहे की शंभर वेळा पड, पण सहा दाखवू नकोस.

हवं तर आपल्याच फोनमध्ये पाहा. आपल्याकडचे मोबाइल क्रमांक दहा अंकी. नऊनं सुरू होणारे तर गेलेच. बाकीच्यांत पुढचे नऊ अंक वाटेल तसे पडले असं धरलं, तरी दहापैकी चारही जण या बंदीतून सुटत नाहीत.

म्हणजे आपण श्रेणीतून दहावा हिस्सा काढलाच नव्हता. लांबच्या टप्प्यावर जवळजवळ सगळंच काढलं होतं. हा फरक पटायचा असेल तर बंदी थोडी सौम्य करा: शेवटचा अंक नऊ असेल तरच संख्या बाद. आता प्रत्येक डब्यातून, तो कितीही मोठा असो, ठरावीक दहावाच हिस्सा जातो. दोन अंकींतून ९० पैकी ९, तीन अंकींतून ९०० पैकी ९०. डब्यात निदान ०.८१ उरतं, दर वेळी. बेरीज पुन्हा अनंत! ‘शेवटी नऊ नको’ आणि ‘कुठेच नऊ नको’ यांत एवढं अंतर आहे.

मूळ संख्या मात्र पुरून उरतात

इथे एक चमत्कारिक शर्यत लावता येते. २, ३, ५, ७, ११ या मूळ संख्या बघता बघता विरळ होतात. सहा अंकी संख्यांमध्ये तेरांत एक मूळ संख्या, तर बिननवाच्या निम्म्याहून जास्त. कुणाची बेरीज मोठी वाटते? पण ऑयलरनं अठराव्या शतकात दाखवलं की १/२ + १/३ + १/५ + १/७ + १/११ + … ही बेरीज अनंत आहे.

उत्तर पुढच्या डब्यांत दडलंय. शंभर अंकांवर पोचलात की मूळ संख्या साधारण २३० मागे एक, आणि बिननवाच्या ३८,००० मागे एक. सुरुवातीला मागे असलेला गडी केव्हाच पुढे निघून गेलेला. मूळ संख्यांच्या डब्यांचं वजन साधारण १/२, १/३, १/४ अशा ढंगानं घटतं, शंभराव्या डब्यात सुमारे एक शतांश. म्हणजे डब्यांची रांग पाहिली तर पुन्हा तीच आपली हरात्मक श्रेणी दारात उभी! ती थांबत नाही हे माहीतच आहे. बिननवाचे डबे दर पावलाला नऊ दशांश होतात, आणि तशी घसरण कुठे तरी संपतेच.

नऊच का?

काही खास कारण नाही. कुठलाही एक अंक हाकलला तरी बेरीज सांतच राहते. फक्त १ या अंकाला हाकललं तर घाव मोठा बसतो, कारण पहिलंच १/१ हे सर्वात जड पद जातं, त्यामागोमाग १/१० ते १/१९ आणि १/१०० ते १/१९९ ही भारी मंडळी. उरते फक्त १६.१८. दोनाला काढलं तर १९.२६, तिनाला काढलं तर २०.५७, आणि असं चढत नवापर्यंत २२.९२. शून्याला काढलं तर सर्वात जास्त, २३.१०, कारण शून्य कधी पुढे बसत नाही, त्यामुळे एक अंकी डब्याला धक्काच लागत नाही.

एक नऊ चालेल, पण एकच

फ्रँक आयर्विन यांनी १९१६ मध्ये विचारलं की बंदी शिथिल केली तर? नेमका एकच नऊ असलेल्या संख्या घ्या: ९, १९, २९, ९०, ९१ वगैरे. तीही बेरीज सांत, २३.०४. थांबा, ही तर नऊ अजिबात नसलेल्यांपेक्षा जास्त! या बेरजेत १/१ नाही, १/२ नाही, सुरुवातच १/९ पासून, तरी ती पुढे. नेमके दोन नऊ, नेमके तीन नऊ, असं कितीही वाढवत न्या, उत्तर २३.०२५८५ च्या जवळ जवळ सरकत जातं. बकीर फरही यांनी २००८ मध्ये हे सिद्ध केलं.

हा २३ कुठून आला, ते डबेच सांगतात. पूर्ण श्रेणीचा दूरचा कुठलाही डबा वजनाला २.३०२५८५ भरतो. लांबलचक संख्या एकेक अंक जोडत लिहीत गेलात, तर सरासरी दर दहा अंकांमागे एक नऊ पडतो. म्हणजे ‘आतापर्यंत नेमके पाच नऊ’ ही अवस्था सरासरी दहा डबे टिकते, मग सहावा येतो. दहा डब्यांइतका मुक्काम, प्रत्येक डब्याचं वजन २.३०२५८५. नवांचा आकडा कितीही असो, मुक्काम तेवढाच, म्हणून उत्तरही तिथेच घुटमळतं.

याच हिशोबानं आणखी एक कोडं अंदाजे सुटतं. पायच्या सुरुवातीचे सहा अंक घ्या, ३१४१५९, आणि ज्या संख्येत हे सहा अंक याच क्रमानं सलग येतात तेवढ्याच बाद करा. सहा अंकांची ही जुळणी व्हायला सरासरी दहा लाख अंक वाट पाहावी लागते. दहा लाख डबे, प्रत्येकी २.३०२५८५. थॉमस श्मेल्झर आणि बेली यांनी २००८ मध्ये ही बेरीज काढून दाखवली: २३,०२,५८२.३३…